‘डिड’ गेला कुठे आणि ‘टू’ आला कुठून?

“ताई, डायरेक्ट-इनडायरेक्टमध्ये साधी वाक्यं मला जमतात पण प्रश्न आणि ऑर्डरवाली आली की गाडी अडते. ‘शी सेड टू मी, डिड यू लॉक द डोअर?’ याचं मी ‘शी आस्क्ड मी दॅट डिड आय लॉक द डोअर’ केलं, चूक निघालं. मग दॅट काढून इफ टाकलं, तरी चूकच. आणि ‘ही सेड टू मी, विल यू प्लीज लेंड मी युअर पेन?’ हा तर सरळसरळ प्रश्न आहे, क्वेश्चन मार्क पण आहे, तरी पुस्तकातल्या उत्तरात इफ नाही, टू आहे. असं का? आणि इफ कधी, वेदर कधी, तेही सांगा. परीक्षा जवळ आलीये.”
– एक गोंधळलेला विद्यार्थी

इफ टाकलंस तिथपर्यंत तू बरोबर होतास रे, गडबड त्याच्या पुढच्या दोन शब्दांत आहे, “डिड आय”. इंग्रजीत प्रश्न होतो तो मुख्यतः शब्दांच्या क्रमामुळे. “यू आर रेडी” हे विधान, “आर यू रेडी” हा प्रश्न, शब्द तेच, फक्त हेल्पिंग व्हर्ब उचलून कर्त्याच्या आधी आणून ठेवलं. आता इनडायरेक्ट करताना आपण स्वतः काही विचारत नसतो, कोणीतरी कधीतरी काहीतरी विचारलं होतं एवढंच सांगत असतो, म्हणजे सगळं मिळून ते एक विधानच झालं, म्हणून तर शेवटी क्वेश्चन मार्क जाऊन फुलस्टॉप येतो आणि आतला क्रमही विधानाचा लागतो, आधी कर्ता, मग क्रियापद. मराठीत हा त्रासच नाही, आपण “तिने विचारलं की तू दार लावलंस का” असं म्हणतो, प्रश्न जशाच्या तसा ठेवायचा आणि मध्ये एक “की” टाकून मोकळं व्हायचं. तुझं पहिलं उत्तर बरोब्बर याच चालीवर गेलंय. इंग्रजीत प्रश्नाच्या आधी दॅट येत नाही, कधीच नाही, दॅट विधानासाठी.

आता “डिड” कुठे जातो ते बघू, कारण मार्क तिथेच जातात. बहुतेक जण मूळ वाक्यावरून एकदम शेवटच्या उत्तरावर उडी मारतात आणि चार बदल एकाच वेळी करायला जातात, क्रम, टेन्स, प्रोनाउन आणि जोडणारा शब्द, मग त्यातलं एखादं हमखास सुटतं. त्यापेक्षा कच्च्या कागदावर एक मधलं वाक्य लिहायचं. प्रश्नाचं आधी साधं विधान करायचं, टेन्सला अजिबात हात लावायचा नाही, प्रोनाउनला पण नाही. “डिड यू लॉक द डोअर” याचं विधान काय होईल? “यू लॉक्ड द डोअर.” बघ, डिड गायब झाला, पण जाताना त्याच्याकडचा भूतकाळ त्याने लॉकला देऊन टाकला, म्हणून लॉकचं लॉक्ड झालं. डिड फक्त प्रश्न करायला आणलेला होता, प्रश्नच राहिला नाही तर त्याचं कामही राहिलं नाही.

हे मधलं वाक्य हातात आलं की पुढचं तुला येतंच, कारण आता हे साधं विधान आहे आणि साधी वाक्यं जमतात असं तू स्वतःच लिहिलंयस. “आस्क्ड” हा भूतकाळ आहे म्हणून आतला टेन्स एक पायरी मागे, लॉक्डचं हॅड लॉक्ड. ती माझ्याशी बोलत होती म्हणून यूचं आय. आणि उत्तर हो-नाही असं येणारा प्रश्न होता म्हणून जोडायला इफ. “शी आस्क्ड मी इफ आय हॅड लॉक्ड द डोअर.” झालं.

या एकाच वाक्याची चुकलेली उत्तरं बघितली की कोण कुठल्या पायरीवर घसरलं ते लगेच कळतं. “इफ डिड आय लॉक” लिहिलं असेल तर विधान केलंच नाही. “इफ आय डिड लॉक” असेल तर क्रम बदलला पण डिड तसाच राहिला. “इफ आय लॉक्ड” असेल तर डिड काढला पण टेन्स मागे न्यायचा राहिला, बोलण्यात हे शेवटचं सर्रास ऐकू येतं आणि त्याला कोणी फार अडवत नाही, पण स्वाध्यायात तुझ्याकडून हॅड लॉक्डच अपेक्षित आहे तेव्हा तिथे शहाणपणा नको. आणि “इफ आय हॅड लॉक” असेल तर हॅडपुढे तिसरं रूप लागतं हे विसरलं, तो वेगळाच धडा.

डू आणि डझचं पण असंच. “डझ युअर ब्रदर प्ले चेस?” याचं मधलं वाक्य “युअर ब्रदर प्लेज चेस”, म्हणजे डझमधला तो शेवटचा स परत प्लेकडे गेला, मग पायरी मागे, “ही आस्क्ड मी इफ माय ब्रदर प्लेड चेस.” मधलं वाक्य न लिहिणारे इथे “माय ब्रदर प्ले चेस” करून ठेवतात. एक जागा मात्र अशी आहे जिथे डू वाचतो, ती म्हणजे नकार. “डोन्ट यू नो हिम?” याचं विधान “यू डोन्ट नो हिम”, कारण नकारार्थी विधानालाही इंग्रजीत डू लागतोच, मग उत्तर “ही आस्क्ड मी इफ आय डिडन्ट नो हिम.” म्हणजे “डू दिसला की उडव” असा नियम पाठ करू नकोस, तो इथे तोंडावर आपटवतो. विधान करून बघ, विधानात डू उरला तर तो ठेवायचा, नाही उरला तर गेला. “व्हॉट डिड यू डू?” मध्ये तर दोन-दोन आहेत, पहिला प्रश्नासाठी आलेला, दुसरा खरा “करणे” या अर्थाचा, पहिला जातो, दुसऱ्याचा टेन्स बदलतो, “शी आस्क्ड मी व्हॉट आय हॅड डन.”

व्हॉट, व्हेअर, व्हाय, हाऊ वगैरे डब्ल्यूएचवाल्या प्रश्नात जोडायला वेगळा शब्द शोधायचा नाही, तो प्रश्नशब्दच जोडतो, तिथे इफ पण नको आणि दॅट तर नकोच. प्रश्नशब्द बाजूला काढ, उरलेल्याचं विधान कर, परत पुढे चिकटव. “व्हेअर डू यू लिव्ह?” मधून “यू लिव्ह” उरतं, “ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड.” फक्त प्रश्नशब्दाबरोबर जे चिकटून आलंय ते त्याच्याबरोबरच ठेवायचं. “हाऊ ओल्ड आर यू?” चं “हाऊ ओल्ड आय वॉज” होतं, “हाऊ आय वॉज ओल्ड” नाही. “हाऊ मेनी बुक्स डिड यू बाय?” मधले “हाऊ मेनी बुक्स” हे तीन शब्द मिळून एकच प्रश्नशब्द समज, तो फोडायचा नाही, “हाऊ मेनी बुक्स आय हॅड बॉट.”

आणि एक प्रकार जिथे क्रम बदलायचाच नसतो. “हू ब्रोक द विंडो?” इथे हू हाच कर्ता आहे, तो आधीच क्रियापदाच्या पुढे बसलाय, म्हणून तर या प्रश्नात डिड आलेलाच नाही. फक्त टेन्स मागे न्यायचा, “शी आस्क्ड हू हॅड ब्रोकन द विंडो.” याउलट “हू इज युअर कॅप्टन?” मध्ये कर्ता “युअर कॅप्टन” आहे, तो नंतर आलाय, त्यामुळे “शी आस्क्ड मी हू माय कॅप्टन वॉज.” दोन्हींची सुरुवात हूनेच होते पण वागणूक वेगळी. “व्हॉट इज द मॅटर?” हे तेवढं एक लाडावलेलं वाक्य आहे, त्याचं “व्हॉट द मॅटर वॉज” आणि “व्हॉट वॉज द मॅटर” दोन्ही चालतं, तेव्हा उत्तरसूचीत दुसरं दिसलं तर घाबरू नकोस.

इफ की वेदर याचं टेन्शन घेऊ नकोस, तुझ्या स्वाध्यायातल्या हो-नाहीच्या प्रश्नांना दोन्ही चालतात, इफ जरा बोलण्यातलं, वेदर जरा लेखी वळणाचं, एवढाच फरक. वेदरच लागतं अशा जागा मोजक्या आहेत. लगेच पुढे “ऑर नॉट” येत असेल तर “वेदर ऑर नॉट”, “इफ ऑर नॉट” होत नाही. पुढे टू येत असेल, म्हणजे “शी वॉज नॉट शुअर वेदर टू गो” असं, तर तिथे इफ चालत नाही. अबाउटसारख्या प्रीपोझिशननंतर पण वेदरच. शिवाय कधीकधी इफमुळे अर्थच हलतो. “टेल मी इफ ही कम्स” याचा अर्थ “तो येणार आहे का ते सांग” असाही होतो आणि “तो आला तर मला सांग” असाही, वेदर घातलं की पहिलाच अर्थ उरतो. वाक्यात पर्याय दिलेले असतील, हे की ते, तर मी डोळे मिटून वेदर लिहीन, “ही आस्क्ड मी वेदर आय वॉन्टेड टी ऑर कॉफी”, वाचायलाही बरं वाटतं.

आता तुझं पेन. इथे क्वेश्चन मार्कने तुला फसवलंय, कारण विरामचिन्ह बघून प्रकार ठरवायचा नसतो, बोलणाऱ्याला काय हवंय त्यावरून ठरवायचा असतो. समज एकाने तुला विचारलं “विल यू प्लीज लेंड मी युअर पेन?” आणि तू “येस” म्हणालास आणि पेन खिशातच ठेवून परत लिहायला लागलास. तो तिथेच हात पुढे करून उभा राहील ना? म्हणजे त्याला उत्तर नको होतं, पेन हवं होतं. नुसत्या हो-नाहीने ज्याचं समाधान होतं तो प्रश्न, तिथे इफ. ज्याला हो म्हणून भागत नाही, काहीतरी करावं लागतं, ती विनंती किंवा आज्ञा, प्रश्नाच्या कपड्यातली का असेना, तिथे टू. मग “सेड टू” चं “रिक्वेस्टेड” झालं, प्लीज गेलं कारण विनंतीचा भाव रिक्वेस्टेडमध्येच आला, आणि “ही रिक्वेस्टेड मी टू लेंड हिम माय पेन.”

ही कसोटी एकसारख्या दिसणाऱ्या वाक्यांवर लावून बघ म्हणजे पटेल. “कॅन यू स्विम?” याला “हो” पुरतं, समोरचा लगेच पाण्यात उडी मार म्हणत नाहीये, म्हणून “ही आस्क्ड मी इफ आय कुड स्विम.” पण “कॅन यू होल्ड धिस बॅग फॉर अ मिनिट?” याला हो म्हणून हात बांधून उभं राहिलं तर चालणार नाही, म्हणून “ही आस्क्ड मी टू होल्ड दॅट बॅग फॉर अ मिनिट.” “विल यू कम टुमॉरो?” हा खरा प्रश्न, “इफ आय वुड कम द नेक्स्ट डे.” बरं, एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते, पेनच्या वाक्याचं “ही आस्क्ड मी इफ आय वुड लेंड हिम माय पेन” केलं तर इंग्रजी म्हणून त्यात काही चूक नाही, लोक असं बोलतात आणि लिहितात. पण स्वाध्यायात प्लीज दिलाय तो तुला इशारा म्हणून दिलाय, तपासणारा टूची वाट बघत असतो, मग कशाला उगाच वाद.

टूच्या वाक्यात एक मोठी सोय आहे, टेन्सचं काहीच करावं लागत नाही. टूपुढे क्रियापदाचं मूळ रूप, बस. त्या रूपाला काळच नसतो, त्यामुळे मागे न्यायला काही नाही. “टू लेंट”, “टू हॅड लेंट” असलं काही लिहायचं नाही. पण प्रोनाउन आणि नाऊ, टुमॉरो, धिस वगैरे मात्र बदलतातच, सोय मिळाली म्हणून ते विसरतात लोक. “गिव्ह मी युअर बुक” असं तो मला म्हणाला तर “ही टोल्ड मी टू गिव्ह हिम माय बुक”, मीचं हिम आणि युअरचं माय.

दुसरं म्हणजे कोणाला सांगितलं ते इथे आलंच पाहिजे. “टोल्ड मी टू”, “ऑर्डर्ड द सोल्जर्स टू”, “अ‍ॅडव्हाइज्ड हर टू”. मूळ वाक्यात ते दिलेलं नसेल, नुसतंच “द कॅप्टन सेड, फायर!” असं असेल, तर संदर्भ बघून आपणच माणसं घालायची, “द कॅप्टन ऑर्डर्ड हिज मेन टू फायर.” टोल्डनंतर टू मी नाही हं, “टोल्ड टू मी टू गो” हे फार दिसतं, “मला सांगितलं” मधल्या “ला” साठी आपण एक टू मोजून ठेवतो. तसंच “आस्क्ड टू मी” पण नाही, नुसतं “आस्क्ड मी”. आणि सेडला तर हा साचाच झेपत नाही, “सेड मी टू गो” हे वाक्यच होत नाही.

“डोन्ट” असेल तर “नॉट टू”, “टू डोन्ट” नव्हे आणि क्रमही आधी नॉट मग टू. “डोन्ट टच द वायर” चं “ही वॉर्न्ड मी नॉट टू टच द वायर.” इथे पण डू गेला आणि नॉट उरला, कारण तो डू फक्त नॉटला टेकू द्यायला आला होता. पण “डू युअर वर्क” मधला डू खरा आहे, तो राहतो, “टू डू माय वर्क”. टोल्ड, ऑर्डर्ड, अ‍ॅडव्हाइज्ड, वॉर्न्ड, रिक्वेस्टेड यांतलं कुठलं घ्यायचं ते बोलण्याच्या सुरावरून ठरव, आणि ठरवता येत नसेल तर आज्ञेला टोल्ड आणि विनंतीला आस्क्ड घेऊन टाक, ते कुठेही अडत नाहीत. फॉरबेड वापरायचा मोह झाला तर लक्षात ठेव की “नको” हे त्याच्यातच आहे, “ही फॉरबेड मी टू टच द वायर”, त्यात परत नॉट घातलास तर अर्थ उलटा होईल. आणि सजेस्टेड या साच्यात बसत नाही, “सजेस्टेड मी टू गो” चूक.

परीक्षेत बहुतेक वेळा सगळं एकत्र करून देतात, म्हणून एक तसंच सोडवू. “द कोच सेड टू द बॉय, व्हाय आर यू लेट? डिड यू मिस द बस? सिट डाउन अँड डोन्ट टॉक टू एनीवन.” एकाच माणसाचं बोलणं आहे पण तुकडे तीन आहेत आणि तिघांचा प्रकार वेगळा आहे, त्यामुळे आधी पेन्सिलने तुकडे पाड. पहिला व्हायचा, मधलं वाक्य “यू आर लेट”, पायरी मागे आणि यूचं ही, “व्हाय ही वॉज लेट”. दुसरा हो-नाहीचा, “यू मिस्ड द बस”, मग “वेदर ही हॅड मिस्ड द बस”. हे दोन्ही प्रश्न आहेत म्हणून एकाच आस्क्डवर चालतात, मध्ये अँड. तिसरा तुकडा आज्ञेचा, त्यात एक करायची गोष्ट आणि एक न करायची, आणि तो आस्क्डवर लादायचा नाही, त्याला नवीन रिपोर्टिंग व्हर्ब द्यायचं. “द कोच आस्क्ड द बॉय व्हाय ही वॉज लेट अँड वेदर ही हॅड मिस्ड द बस. ही टोल्ड हिम टू सिट डाउन अँड नॉट टू टॉक टू एनीवन.” जिथे मुलं इथे मार्क घालवतात ती जागा म्हणजे दुसरा प्रश्न, पहिला व्हायने जोडला म्हणून दुसऱ्यापुढे काही टाकतच नाहीत, नुसतं “अँड ही हॅड मिस्ड द बस” लिहितात, आणि मग कोच म्हणतोय की याची बस चुकली होती असा अर्थ होतो. प्रत्येक प्रश्नाला त्याचा जोडणारा शब्द हवाच, मग वाक्य कितीही लांब होऊ दे.

अजून दोन वाक्यं सांगून ठेवते कारण ती हमखास येतात. “व्हाय डोन्ट यू सी अ डॉक्टर?” यात व्हाय आहे पण विचारणाऱ्याला कारण नकोय, तो तुला डॉक्टरकडे जा असं सुचवतोय, म्हणून “ही अ‍ॅडव्हाइज्ड मी टू सी अ डॉक्टर.” आणि “शॅल आय ओपन द विंडो?” हे आलं तर शॅलचं वुड करायची घाई करू नकोस, तो भविष्य विचारत नाहीये, उघडू का म्हणून तुझी मर्जी विचारतोय, तिथे शुड लागतं, “ही आस्क्ड मी इफ ही शुड ओपन द विंडो.” “शॅल आय एव्हर सी हर अगेन?” मध्ये मात्र कोणाची परवानगी मागितलेली नाही, पुढे काय होईल एवढंच विचारलंय, तिथे वुड.